चेहरा गोल, साखर वाढलेली, पण रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल कमी: असं का होतं?

प्रश्न: आईला (वय 56) गुडघेदुखीसाठी दीड वर्ष एकाकडच्या पुड्या चालू आहेत, रोज दोन. दुखणं थांबलं, पण चेहरा गोल झाला, हातपाय काटकुळे आणि पोट सुटलं. जेवणानंतरची साखर 268 निघाली. जांघेतलं गजकर्ण हटत नाही. स्वभावाने शांत असलेली आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, चिडते, मधेच रडते. डॉक्टर म्हणाले, ही कॉर्टिसोल जास्त झाल्याची लक्षणं आहेत. पण सकाळी आठला रक्तात कॉर्टिसोल 0.9 आलं, म्हणजे कमीच ना? शिवाय ते शरीरात असतंच, मग त्यानेच एवढं कसं बिघडतं? पुड्या आजच बंद करू का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. पुड्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. एक-दोन दिवसांत उरलेल्या पुड्या सोबत घेऊन फिजिशियनला किंवा हार्मोन्सच्या डॉक्टरांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना, दाखवा. मधल्या काळात आईंना उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊन उभं राहता येईना किंवा त्या गुंगीत वाटल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलमध्ये न्या आणि दीड वर्ष या पुड्या चालू आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. एवढी घाई का, ते त्या 0.9 मध्येच दडलेलं आहे.

सकाळी आठच्या सुमाराला निरोगी माणसाच्या रक्तात कॉर्टिसोल साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. 0.9 म्हणजे जवळपास शून्यच. अशा पुड्यांमध्ये बहुतेक वेळा बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. ही औषधं पेशीत कॉर्टिसोलच्याच जागी जाऊन बसतात आणि त्याचंच काम करतात, पण लॅबची चाचणी त्यांना कॉर्टिसोल म्हणून ओळखत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला मात्र फसवणूक कळत नाही. 'भरपूर आहे' असं समजून ती अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल बनवण्याचा हुकूम देणं थांबवते. महिनोन्‌महिने हुकूम आला नाही की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या या दोन छोट्या ग्रंथी आक्रसतात. म्हणजे रिपोर्टने आईंचं स्वतःचं कॉर्टिसोल मोजलं आणि ते खरोखरच संपलेलं आहे. शरीर भोगतंय ते पुडीतलं. उद्या पुडी थांबली तर ना बाहेरचं राहील, ना घरचं, आणि कॉर्टिसोलशिवाय माणूस साध्या तापातही कोसळू शकतो. (पुडीत प्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉइड असतं तर आकडा कदाचित एवढा खाली दिसला नसता, कारण बऱ्याच लॅबच्या पद्धती ते थोडंफार कॉर्टिसोल म्हणूनच मोजतात. म्हणून आईंच्या बाबतीत माझा संशय बीटामेथासोन-डेक्सामेथासोनवर आहे.)

मात्राही लक्षात घ्या. आपलं शरीर दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम कॉर्टिसोल बनवतं. डेक्सामेथासोनचं पाऊण मिलिग्रॅम हे 20 मिलिग्रॅम कॉर्टिसोलच्या तोडीचं असतं. एका पुडीत अर्ध्या मिलिग्रॅमची एकच गोळी कुटलेली आहे असं धरलं, तरी दोन पुड्यांत शरीराच्या गरजेच्या दुप्पट-तिप्पट ऐवज पोटात जातो. पण माझ्या मते नुसत्या मात्रेपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची आहे.

कॉर्टिसोल हे पहाटेचं हार्मोन आहे. पहाटे तीन-चारला ते चढायला लागतं, जाग येते त्या सुमारास शिखरावर असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री झोपेत 1.8 च्याही खाली येतं. ही रात्रीची उतरण म्हणजे शरीराची दुरुस्तीची वेळ. कॉर्टिसोल पेशीत शिरून थेट जनुकांचं काम बदलतं, त्यामुळे त्याचा परिणाम सावकाश चढतो आणि रक्तातून ते गेल्यावरही काही तास टिकतो. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोनचा परिणाम तर दीड ते दोन दिवस रेंगाळतो. रोज दोन पुड्या म्हणजे दीड वर्षात आईंच्या पेशींनी एकही रात्र पाहिलेली नाही. खाली जे लिहितो, त्यात 'जास्त कॉर्टिसोल' काही नवीन, विचित्र काम करत नाही. नेहमीचंच काम थांबण्याची वेळ आली तरी चालू राहतं.

साखर, स्नायू आणि चरबी

रात्री आठला जेवलो आणि सकाळी सातला चहा घेतला, तर मधले अकरा तास पोट रिकामं असतं. मेंदूला मात्र तासाला सुमारे 5 ग्रॅम ग्लुकोज लागतंच. यकृतात साठवलेली साखर 80-100 ग्रॅम, तीही इतर अवयवांशी वाटून घ्यायची. म्हणून उत्तररात्री यकृताला नवी साखर तयार करावी लागते आणि ती व्यवस्था कॉर्टिसोल बघतं. स्नायूंतल्या प्रथिनांतून ते थोडी अमिनो आम्लं सोडवतं, चरबीतून ग्लिसरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड सोडवतं, आणि यकृतातली साखर बनवणारी एन्झाइम्स वाढवतं. त्याच वेळी स्नायूंना आणि चरबीला सांगतं की इन्सुलिनचं फार ऐकू नका, साखर मेंदूसाठी राहू द्या. एकादशीचा कडक उपास बहुतेकांना झेपतो, त्यामागे ही यंत्रणा आहे. ज्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या आहेत त्यांची साखर अशा उपासात धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आता ही उपासाची व्यवस्था भरल्या ताटावरही चालू आहे असं समजा. आई जेवल्या, पोळी-भाताची साखर रक्तात आली, इन्सुलिनही सुटलं, पण स्नायू ती साखर आत घ्यायला तयार नाहीत. म्हणून जेवणानंतरचा आकडा 268. स्टेरॉइडच्या मधुमेहाची ही खूण आहे: आधी बिघडते ती जेवणानंतरची साखर. सकाळी प्रेडनिसोलोनची एकच गोळी घेणाऱ्यांत तर उपाशीपोटी 95 आणि संध्याकाळी पाचला 280 असं मी अनेकदा पाहिलंय. फक्त उपाशीपोटीची तपासणी करून 'शुगर नॉर्मल' म्हणून घरी पाठवलेले हे लोक असतात. पुडीसारख्या लांब टिकणाऱ्या औषधात पुढे उपाशीपोटीची साखरही चढते. आईंची दोन्ही तपासा, आणि सोबत एचबीए1सी.

स्नायूंचं तसंच. रोज पहाटे थोडी प्रथिनं काढून दिवसा परत भरायची, हा हिशेब जुळत असतो. परत भरण्याची वेळच आली नाही, तर मांड्या आणि खांदे झिजतात, कारण तिथल्या स्नायूंवर हा मार आधी पडतो. घरीच बघा: आई हात न टेकता जमिनीवरून उठतात का? एसटीची पहिली पायरी दांडा न धरता चढतात का? मूठ घट्ट आवळता येते पण पाटावरून उठता येत नाही, असं असेल तर दोष नुसत्या गुडघ्याचा नाही. रक्तातलं स्नायूंचं एन्झाइम, सीपीके, या झिजेत सहसा नॉर्मलच येतं, त्यामुळे त्या रिपोर्टवरून निर्धास्त होऊ नका.

चरबीचं कोडं मला पेशंट नेहमी विचारतात: कॉर्टिसोल चरबी विरघळवत असेल तर पोट का सुटतं? उपाशी असताना ते चरबी विरघळवतं हे खरं. पण साखर चढलेली असल्यामुळे इन्सुलिनही सतत जास्त असतं, आणि इन्सुलिनच्या जोडीला कॉर्टिसोल असलं की ते उलट चरबी साठवायला मदत करतं. हे सगळ्यात जास्त पोटाच्या आतल्या चरबीत घडतं, कारण तिथल्या पेशींत कॉर्टिसोल ज्या जागी जाऊन बसतं ते रिसेप्टर जास्त असतात. शिवाय भूकही वाढते. म्हणून हातपाय बारीक आणि पोट, चेहरा, मानेमागचा भाग भरलेला, असा विजोड आकार तयार होतो. साध्या लठ्ठपणात हातपायही जाड होतात. कातडीही बघा. प्रथिनं गेल्याने ती कागदासारखी पातळ होते, नुसत्या धक्क्याने काळंनिळं पडतं, आणि पोटावर बोटभर रुंद जांभळट पट्टे उमटतात. बाळंतपणानंतर किंवा वजन वाढल्यावर येणारे पट्टे अरुंद आणि कालांतराने पांढुरके होतात. तो फरक डोळ्यांनी कळतो. हाडंही याच काळात ठिसूळ होतात. आईंची पाठ अचानक दुखायला लागली असेल तर मणक्याचा एक्स-रे मागून घ्या.

गजकर्ण, आणि न येणारा ताप

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत कॉर्टिसोल ब्रेकचं काम करतं. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन आणि टीएनएफ यांसारखी रसायनं सोडतात, त्यांनी ताप, सूज, लाली येते. हीच रसायनं मेंदूला जाऊन सांगतात आणि मेंदू कॉर्टिसोल वाढवतो. कॉर्टिसोल मग ती रसायनं बनवणाऱ्या जनुकांवर हात ठेवतं. आग लागली की पाणी येतं, पण आग लागण्याआधी सगळं भिजलेलं नसतं. रात्री कॉर्टिसोल उतरलं की ब्रेक सैल होतो. म्हणूनच दमा पहाटेच्या आधी जोर करतो आणि संधिवाताची बोटं सकाळी ताठरलेली असतात.

औषध म्हणून याचा उपयोग पहिल्यांदा झाला तो 1948 मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला शरीरात गेल्यावर कॉर्टिसोल बनणारं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 चं नोबेल त्या कामाला मिळालं. पण गोल चेहरा आणि बिघडलेलं मन हेही त्यांच्या पेशंटमध्ये लवकरच दिसायला लागलं. आईंच्या गुडघ्याचं तेच झालंय. सूज दबली म्हणून दुखणं थांबलं, झिजलेली कूर्चा होती तिथेच आहे.

योग्य वेळी, मोजून दिलेला हा ब्रेक जीव वाचवतो. 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये कोविडच्या पेशंटना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण 41 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर आलं. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. त्यांच्यात आवरायला तेवढी आगच नव्हती. 2021 च्या लाटेत आपल्याकडे अनेकांना घरच्या घरी, पहिल्या दिवसापासून, जास्त मात्रेत स्टेरॉइड सुरू झालं. साखर भडकली, पांढऱ्या पेशी मंदावल्या आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने माणसांचे डोळे आणि जबडे नेले. चयापचय आणि प्रतिकारशक्ती असे दोन धडे मी इथे वेगळे लिहितोय, पण त्या वॉर्डात ते एकाच पेशंटमध्ये, एकाच बुरशीच्या रूपात दिसत होते.

आईंचं गजकर्ण त्याच वाटेवरची सौम्य पायरी आहे. कातडीतल्या बुरशीला हाकलणाऱ्या लिम्फोसाइट पेशी दबलेल्या आहेत, वर साखर जास्त. मलम बरोबर असलं तरी ते हटणार नाही. (आणि ते मलमही तपासा. दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक 'तीन-इन-वन' मलमांत स्टेरॉइडच असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पसरत जाते.)

याहून मला जास्त काळजी असते ती न दिसणाऱ्या संसर्गाची. ताप आणणारी रसायनंच दबलेली असल्यामुळे न्यूमोनियातही ताप 99 च्या पुढे जात नाही, पोटात आतडं फुटलं तरी पोट कडक होत नाही. उलट काहीच संसर्ग नसताना पांढऱ्या पेशी 13-14 हजार येतात, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी स्टेरॉइडमुळे सुटून प्रवाहात येतात. आपल्या देशात तिसरी गोष्ट क्षयाची. लहानपणी फुप्फुसात शिरलेले क्षयाचे जंतू पेशींच्या तटबंदीत वर्षानुवर्षं कोंडलेले असतात. ती तटबंदी राखायला लागणाऱ्या पेशीच स्टेरॉइडने कमजोर होतात. आईंना खोकला असेल, वजन असून भूक मेली असेल, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. मी तर खोकला नसला तरी एक्स-रे काढतो.

मन

हा भाग घरच्यांना सगळ्यात कमी सांगितला जातो, आणि घर त्यानेच सगळ्यात जास्त हलतं.

मेंदूत कॉर्टिसोलचे दोन प्रकारचे रिसेप्टर असतात. एक अतिशय संवेदनशील असतो. रात्रीच्या जेमतेम कॉर्टिसोलनेही तो भरतो आणि मनाचा पाया स्थिर ठेवतो. दुसऱ्याला जास्त कॉर्टिसोल लागतं. तो पहाटे आणि संकटात भरतो. अंग सावध होतं, लक्ष एकवटतं, घडलेली गोष्ट स्मरणात पक्की बसते. अपघाताचा दिवस वर्षानुवर्षं आठवतो, त्यात याचा वाटा असतो. मग कॉर्टिसोल उतरतं, दुसरा रिसेप्टर रिकामा होतो आणि झोप येते.

पुडीने तो दुसरा रिसेप्टर रात्री बारालाही भरलेलाच राहतो. मेंदूच्या दृष्टीने पहाट झालेली आहे आणि काहीतरी संकट समोर आहे. त्यामुळे आईंना झोप लागत नाही हा हट्ट किंवा वयाचा दोष नाही, आणि चिडणं म्हणजे स्वभाव बदलणं नाही. स्मरणाचं काम करणारा हिप्पोकॅम्पस हा भागही अशा दीर्घ माऱ्याने आकाराने लहान होतो. कॉर्टिसोलला 'आता पुरे' सांगण्यात त्याचाच हात असतो, आणि गॅस बंद केला का, कुणाचा फोन आला होता, हे विसरायला लागतं तेही त्यामुळेच.

सुरुवातीचे दिवस आठवून बघा. स्टेरॉइड सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना हुरूप येतो, बडबड वाढते, पहाटे चारला उठून कपाटं आवरली जातात. 'पुडीने आई किती उत्साही झाली' असं घरात म्हटलं गेलं असेल. महिने गेल्यावर तोच उत्साह रडण्यात आणि उदासीत बदलतो. मात्रा वाढली की मानसिक त्रास झपाट्याने वाढतो. 1972 च्या बोस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत, रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत गंभीर मानसिक लक्षणं 1.3 टक्क्यांना दिसली, तर 80 च्या वर घेणाऱ्यांत 18.4 टक्क्यांना.

माझ्याकडे आलेल्या एक शिक्षिका दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेत होत्या. त्यांनी कुठलीच पुडी घेतली नव्हती. मला खटकलं ते त्यांच्या दंडावरचे डाग, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी मांड्यांवर दिलेला जोर. रात्री अकराला 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं. निरोगी माणसात त्याने सकाळी आठचं कॉर्टिसोल 1.8 च्या खाली दबतं. त्यांचं 14 आलं. पुढच्या तपासण्यांत पिट्युटरीवर काही मिलिमीटरची गाठ निघाली. ती काढल्यावर साखर काही आठवड्यांत उतरली. मन सावरायला मात्र जवळपास वर्ष लागलं, आणि आकडेमोडीत पूर्वीची चपळाई आली नाही असं त्या आजही सांगतात. ही चाचणी आईंना नको. ज्यांच्या पोटात आधीच स्टेरॉइड जातंय त्यांच्यात तिला अर्थ नसतो.

रोजच्या ताणाने हे सगळं होतं का, असंही आता बरेच लोक विचारतात. ताणाने कॉर्टिसोल चढतं, पण बहुधा उतरतंही. तीव्र नैराश्यात किंवा दारूच्या व्यसनात ते बरंच चढलेलं राहू शकतं. पण नुसत्या ऑफिसच्या ताणाने जांभळे पट्टे येत नाहीत आणि मांड्या झिजत नाहीत. 'कॉर्टिसोल उतरवणारी' पावडर विकत घेऊ नका.

पुढे काय होईल

डॉक्टर पुडीऐवजी मोजलेलं प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन देतील, शक्यतो सकाळी, म्हणजे रात्र परत रिकामी मिळेल. मग मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरेल. साखर आधी उतरते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनही सोबत कमी करावं लागतं. हे विसरलं की साखर 50 वर येऊन आई घामाघूम होतील, तेव्हा घरी ग्लुकोमीटर ठेवा. उतरत्या मात्रेत अंग मोडून येतं, सांधे दुखतात, उदास वाटतं. ती बऱ्याचदा कॉर्टिसोलला सवकलेल्या शरीराची कुरकुर असते, पण आत्महत्येचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

काही महिन्यांनी, आदल्या सकाळच्या गोळीनंतर 24 तासांनी, पुढची गोळी घेण्याआधी सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासतात. 10 च्या वर आलं तर ग्रंथी जाग्या झाल्या आणि औषध थांबवता येतं. 5 च्या खाली असेल तर औषध चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. मधला आकडा असेल तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. याला सहा महिने लागू शकतात, वर्षही लागतं. तोपर्यंत ताप आला की मात्रा दुप्पट करायची, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. गोळी उलटून पडत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. आईंच्या पर्समध्ये तसं लिहिलेली चिठ्ठी कायम असू द्या.

आणि गुडघे परत दुखतील, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. तेव्हा शेजारून कुणीतरी 'माझ्या पुडीने बरं वाटतं' म्हणत येईल. त्याआधीच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून गुडघ्याचा एक्स-रे, मांडीचे व्यायाम आणि पॅरासिटामॉलची मात्रा ठरवून ठेवा.